बरोब्बररावांचे नग

त्यांचं खरं नाव दाराच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायची गरज कॉलनीत कुणाला कधी पडली नाही. 'बरोब्बर' हा शब्द त्यांच्या तोंडात कायमचा मुक्कामाला होता. बरोब्बर साडेनऊला निघतो, बरोब्बर सव्वासहाला येतो, दूधवाला आज बरोब्बर नाही आला. म्हणून पोरंटोरं त्यांना बरोब्बरकाका म्हणायची आणि मोठी माणसं, पाठीमागे, बरोब्बरराव.

नोकरी एका मोठ्या कचेरीत, टपाल रवाना करणाऱ्या खात्याचे प्रमुख. त्या कचेरीतून निघालेलं पत्र माणसाला वेळेत मिळाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पण बरोब्बररावांच्या खुर्चीवर बरोब्बरराव मात्र रोज वेळेवर बसलेले असायचे, आणि त्यांच्या मते काम म्हणजे तेच होतं. निवृत्तीच्या दिवशी साहेबाने भाषणात त्यांना 'घड्याळाचा माणूस' म्हटलं. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं, की दुसऱ्या दिवसापासून घरातल्या एकुलत्या एका माणसावर, म्हणजे बायकोवर, त्यांनी घड्याळ लावलं.

कुकरची शिट्टी उशिरा का झाली? भाजी आणायला इतका वेळ? दुपारी झोप पंचवीस मिनिटं म्हणालीस, चाळीस झाली. काकूंनी पंधरा दिवस दात-ओठ खाऊन सोसलं. मग एका सकाळी त्यांनी नवऱ्याच्या हातात एक रिकामी पिशवी दिली.

"इस्त्रीचे कपडे आणा खालून. चार दिवस झाले टाकून."

"चार दिवस? आणि तू गप्प बसलीस?"

"मी कशाला बोलू? तुम्ही आहात ना बोलायला," काकू म्हणाल्या. त्या इतक्या गोड बोलल्या की बरोब्बररावांना शंका यायला हवी होती. आली नाही.

इस्त्रीवाली पंपाच्या खोलीशेजारी बसायची. कॉलनीतल्या चारही इमारतींचे कपडे तिच्याकडे. खोली कसली, जिन्याखालची जागाच ती. एक लांबरुंद टेबल, त्यावर चौघडी घोंगडी आणि वर पांढरी चादर, छताच्या हुकाला लटकलेली इस्त्रीची वायर, पाणी शिंपडायची बाटली आणि भिंतीला टेकून बोचकीच बोचकी. बाई चाळिशीच्या पुढची, मनगटं पुरुषासारखी जाड, आणि जीभ इस्त्रीपेक्षा गरम. तिचा एक नियम होता. कुणीही आलं तरी म्हणायचं, "तुमचेच घेतलेत बघा हातात." बरोब्बररावांसमोर दोन बायका आल्या, दोघींनाही तिने तेच सांगितलं. हातात होती ती तिसऱ्याचीच पँट.

"तुम्ही खोटं बोलता," बरोब्बरराव म्हणाले.

"बोलते," ती म्हणाली. "खरं सांगितलं तर इथेच उभे राहतात. खोटं सांगितलं की घरी जातात."

बरोब्बररावांनी खोलीभर नजर फिरवली. वाढदिवसाची मिठाई पाहिल्यावर मुलाचे होतात तसे त्यांचे डोळे झाले. केवढा हा गोंधळ! कुणाचं बोचकं कधी आलं, कधी जायचं, काही पत्ता नाही. ज्याने जास्त आरडाओरडा केला त्याचे कपडे आधी. आयुष्यभर त्यांनी ज्याची वाट पाहिली ते त्यांच्यासमोर ढिगाने पडलं होतं.

"बाई, तुमचं काम वाईट नाही. तुमची व्यवस्था वाईट आहे."

"मग तुम्हीच या की व्यवस्था करायला," ती इस्त्री न थांबवता म्हणाली. "माझा निम्मा वेळ लोकांना हाकलण्यात जातो. घरोघर जा, कपडे आणा, पोचते करा. नगामागे एक रुपया तुम्हाला."

ती चेष्टेने म्हणाली होती. बरोब्बररावांनी त्यात नेमणूक ऐकली.

घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा काकूंनी क्षणभर डोळे मिटले. लोक काय म्हणतील हा विचार त्यांच्या मनात आला असेल, नाही असं नाही. पण पाठोपाठ रिकाम्या घराचा विचार आला असावा. "सकाळी किती वाजता जाल?" एवढंच त्यांनी विचारलं.

"बरोब्बर आठ."

"आणि संध्याकाळी?"

"सहा ते आठ."

"दुपारी पण काही काढता आलं तर बघा," काकू म्हणाल्या.

व्यवस्था त्यांनी खरोखर चांगली लावली, हे त्यांच्या शत्रूंनाही कबूल करावं लागेल. एका दिवशी दोन इमारतींचे कपडे गोळा करायचे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पोचवायचे, आणि त्याच दिवशी सकाळी उरलेल्या दोन इमारतींचे आणायचे. प्रत्येक घराची एक कापडी पिशवी, पिशवीवर घराचा नंबर. प्रत्येक कपड्याला काजाच्या भोकातून नाहीतर शिवणीतून रंगीत दोरा, घराघराचा रंग वेगळा. कपडे घेताना दारातच मोजायचे, देताना दारातच मोजायचे. डाग, उसवलेली शिवण, तुटलेलं बटण आधीच दाखवून द्यायचं, म्हणजे नंतर 'आमचं नव्हतं असं' ही भानगड नको. इस्त्रीवालीचं म्हणणं एकच. कपडे एकेका घराचे करणार नाही. आधी सगळ्यांचे नायलॉनचे नि रेशमी, मंद इस्त्रीवर, मग तापवत तापवत सुती, शेवटी चादरी. बरोब्बररावांना ते पटायला दोन दिवस आणि एक करपलेला रुमाल लागला. रुमाल त्यांचाच होता.

अडलं ते दरावर. तोवर इस्त्रीवाली अंदाजपंचे पैसे सांगायची आणि लोक अंदाजपंचे कमी करून द्यायचे. बरोब्बररावांनी ठरवलं, नगाला दर. शर्टाला दहा, पँटला दहा, चादरीला वीस, कोटाला तीस. इतकं साधं. पण नग म्हणजे काय, हा प्रश्न जगात कुणी सोडवलेला नव्हता हे त्यांना ठाऊक नव्हतं. कॉलनीच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं, की दर परस्पर ठरवता येणार नाहीत, सभा घ्यावी लागेल.

गच्चीवरची टाकी गळत होती तेव्हा सभेला सात माणसं होती. इस्त्रीच्या सभेला हॉल भरला.

सेक्रेटरी म्हणजे गुळगुळीत भांग, खिशाला तीन पेनं, आणि बोलण्याआधी घसा साफ करायची सवय. बरोब्बररावांचे ते सकाळच्या फिरण्यातले जोडीदार. त्यांनी घसा साफ केला. "सूट हा एक नग की तीन?"

"कोट, पँट, आतलं जाकीट. तीन," बरोब्बरराव म्हणाले.

"पण आपण म्हणताना 'एक सूट' म्हणतो."

"बरोबर!" मागून कुणीतरी म्हणालं.

पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई उठल्या. दाताला हात लावायचे पैसे त्या वेगळे घ्यायच्या आणि दात नुसता बघायचे वेगळे. पण उशीचे दोन अभ्रे हा मात्र एक नग असला पाहिजे असं त्यांचं ठाम मत होतं, कारण उशा जोडीनेच असतात. शिकवणीवाल्या बाईंचं म्हणणं, शाळेचा गणवेश एकच धरा, मुलगा एकच आहे. एका गृहस्थांनी लहान मुलांच्या कपड्यांना अर्धा दर सुचवला. दुसऱ्याने विचारलं, मूल किती वर्षांपर्यंत लहान? त्यावर अर्धा तास गेला. अंगाने बारीक असलेल्या एका माणसाने आपल्या शर्टाला कमी कापड लागतं याकडे सभेचं लक्ष वेधलं.

मग सेक्रेटरी जरा पुढे वाकून म्हणाले, "आणि ते... आतले कपडे?"

"आतल्या कपड्यांना कुणी इस्त्री करत नाही," बरोब्बरराव म्हणाले.

"मी करतो. म्हणजे करून घेतो. त्वचेचा प्रश्न आहे. अर्धा नग धरावा."

इस्त्रीवाली दाराशी उभी होती. तिला खुर्ची द्यावी असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ती म्हणाली, "शर्टाला चार बाह्या असत्या तरी मी दहाच घेतले असते. आता तुम्ही माझ्या घामाचे तुकडे पाडताय, तर पाडा. पण अर्ध्याच्या खाली नको, मला हिशेब येत नाही."

सभा हसली. बरोब्बररावांना मात्र सभा हातातून निसटताना दिसत होती. लोक दराच्या नावाने कुरकुरत होते, आणि दर मंजूर होईल असा काहीतरी मोठा शब्द टाकायला हवा होता. ते उभे राहिले. आवाज कचेरीतला लागला.

"मी शब्द देतो. संध्याकाळी सहा ते आठ. आठ वाजून एक मिनिट झालं, तर त्या दिवसाचे पैसे नाहीत!"

टाळ्या पडल्या. सूट तीन नग, अभ्रा अर्धा, गणवेश दोन, आतले अर्धा. सभा मंजूर. बरोब्बरराव हॉलमधून बाहेर पडले ते छाती काढूनच. इस्त्रीवाली जिन्यापाशी थांबली होती.

"काका, आठला एक मिनिट जास्त झालं तर कुणाचे पैसे नाहीत?"

"ग्राहकाने द्यायचे नाहीत."

"ते कळलं. मला कोण देणार?"

बरोब्बरराव थबकले. हा मुद्दा भाषणात नव्हता.

"शब्द कुणी दिला?" तिने विचारलं.

"मी."

"मग तुम्हीच द्या," ती म्हणाली आणि पंपाच्या खोलीकडे वळली. बरोब्बररावांना त्यात अडचण दिसली नाही. उशीर होणारच नव्हता.

पहिला आठवडा सोन्यासारखा गेला. सकाळी आठला दार वाजायचं, पिशवी तयार असायची. दुसऱ्या संध्याकाळी कपडे घड्या करून, शर्ट कॉलर वर ठेवून, पँट हँगरला. लोक म्हणायचे, वा, काका, कमाल आहे. एक गोष्ट मात्र बरोब्बररावांना खटकली. ज्या घरांत ते वर्षानुवर्षं चहा प्यायले होते, तिथे आता कुणी 'आत या' म्हणेना. हातात पिशवी असलेला माणूस दारातच बरा दिसतो, असं सगळ्यांचं एकाएकी मत झालं होतं. शिकवणीवाल्या बाई तर दाराची साखळीसुद्धा काढायच्या नाहीत, फटीतून हात बाहेर. सेक्रेटरी सकाळच्या फिरण्यात पूर्वीसारखेच खांद्यावर हात टाकायचे, आणि संध्याकाळी दारात सगळे कपडे एकेक करून मोजायचे, उलटसुलट करून, उजेडात धरून.

"ह्या बाहीवर दोन रेषा दिसतायत."

"एकच आहे."

"मला दोन दिसतायत."

"चष्मा लावून बघा."

"इस्त्रीवाल्याने ग्राहकाशी असं बोलू नये," सेक्रेटरी म्हणाले, आणि हसले. म्हणजे ती थट्टा होती. बरोब्बररावही हसले. पण जिना उतरताना त्यांना आठवलं, की गेल्या वर्षी त्यांनी स्वतः इस्त्रीवालीला बाहीवरच्या दुसऱ्या रेषेसाठी वीस मिनिटं उभं केलं होतं. आठवण काही सुखाची नव्हती, तिथेच एका पायरीवर सोडून ते खाली गेले.

दुसऱ्या आठवड्यापासून दारं उघडेनाशी झाली.

पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंचं. पावणेआठला घंटी वाजवली, कुणी नाही. पुन्हा, कुणी नाही. दहा मिनिटांनी पुन्हा वर आले, कुणी नाही. सव्वाआठला डॉक्टरीणबाई दारात हजर. "अरे, वाजवलीत का घंटी? मी बाथरूममध्ये होते. पण आता आठ वाजून गेले ना?" बरोब्बररावांनी घड्याळ पाहिलं. गेलेच होते. नियम म्हणजे नियम, तो तर त्यांचाच होता. त्या दिवशीचे पैसे त्यांच्या खिशातून गेले.

मग हा रोग पसरला. अमुक घरी सहा ते आठ पोहायला जातात, तमुक घरी आजी एकटी असते आणि तिला ऐकू येत नाही. आजी दिवसभर रेडिओ ऐकायची. एका घरी तर मुलाने आतून ओरडून सांगितलं, "आई म्हणतेय आम्ही घरी नाही!"

सेक्रेटरींनी निराळी युक्ती काढली. एरवी पाच-सात नग देणारा माणूस एका सकाळी खिडक्यांचे पडदे, सोफ्याची कव्हरं, पाहुण्यांसाठीच्या चादरी असा डोंगर बाहेर घेऊन आला. वर रोजच्या पँट आणि आतले कपडे, मोजून. "उद्या आठपर्यंत," ते म्हणाले. "शब्द आहे तुमचा."

बरोब्बरराव ते ओझं घेऊन चार वेळा खाली-वर करून पंपाच्या खोलीत आले. दुपारी तीनला पाहायला गेले तर इस्त्रीवाली टेबलाखाली पाय पसरून आडवी. पंखा चालू, इस्त्री बंद.

"बाई! सेक्रेटरीचे पडदे!"

"होतील."

"उद्या आठच्या आत व्हायला हवेत!"

"नाही झाले तर?"

"नाही झाले तर मला भुर्दंड!"

"तुम्हाला," ती म्हणाली, "मला नाही ना." आणि कुशीवर वळली.

बरोब्बररावांना खोलीत एकदम गरम वाटलं. इस्त्री तर बंद होती. त्यांनी आयुष्यभर कागद फिरवले, पण असा कागद त्यांच्या समोर कधी आला नव्हता. उशीर व्हावा म्हणून कॉलनी दार लावून बसलीय. उशीर झाला तरी हिचे पैसे पक्के, म्हणून ही झोपलीय. या साऱ्या कारभारात धावत होता तो एकच माणूस, आणि धावण्याचे पैसेही तोच भरत होता.

"हा विश्वासघात आहे," ते म्हणाले.

इस्त्रीवाली उठून बसली. "काका, वीस वर्षं इथे उभी आहे. जेवताना उभी, उन्हाळ्यात उभी. तुमच्या कॉलनीने मला एक खिडकी करून दिली नाही. तुम्ही आलात आणि पहिल्यांदा मला असं काम मिळालं की झोपले तरी पैसे. मी न झोपायला वेडी आहे काय?"

बरोब्बरराव दाराकडे वळले. ते म्हणाले, "मी उद्यापासून येणार नाही."

"नका येऊ."

तावातावाने ते घरी गेले. काकू मैत्रिणीशी फोनवर हसत होत्या. असं हसणं त्यांनी या घरात बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. नवऱ्याला दारात पाहून त्यांचं हसू ओसरलं.

"आज लवकर?"

"सोडलं मी ते काम."

काकूंनी फोन ठेवला. पदर खोचला, चपला घातल्या आणि खाली गेल्या. पंपाच्या खोलीत काय बोलणं झालं ते दोघींनीही कुणाला सांगितलं नाही. पाऊण तासाने काकू परत आल्या. "उशीर तिच्यामुळे झाला तर तिचे गेले. दार न उघडल्यामुळे झाला तर बघून घ्या तुमचं तुम्ही. पण घरी बसू नका." बरोब्बररावांना वाटलं, बायकोला आपली किती काळजी!

पडदे दुसऱ्या संध्याकाळी सव्वासातला तयार झाले. इस्त्रीवालीने हाताला फोड येईतो काम केलं आणि सेक्रेटरीला अशा शिव्या घातल्या की वाफेची गरजच पडली नसावी. बरोब्बरराव पडदे खांद्यावर, कव्हरं काखेत, हँगर बोटांत अडकवून तिसऱ्या मजल्यावर पोचले. सात पंचवीस. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता, आत टीव्हीवर कुणीतरी बातम्या वाचत होतं. त्यांनी घंटी दाबली.

टीव्ही बंद झाला. मग उजेड गेला.

बरोब्बरराव तिथे उभे होते. दाराच्या भिंगात काहीतरी काळं हललं. आत, दोन इंचांच्या लाकडापलीकडे, त्यांचा रोज सकाळचा जोडीदार श्वास रोखून उभा होता. कशासाठी? पडद्यांच्या पैशांसाठी. सकाळी याच माणसाने त्यांना मैत्री म्हणजे काय यावर, दोन फेऱ्या होईपर्यंत, ऐकवलं होतं.

"मी आहे," बरोब्बरराव दाराला म्हणाले. "पडदे आणलेत."

दार गप्प.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घड्याळाकडे न बघता काहीतरी केलं. पडदे त्यांनी जिन्याच्या कठड्यावर पसरले, नीट, घडी न मोडता. सोफ्याची कव्हरं त्याखालच्या वळणावर. चादरी दुसऱ्या मजल्यापर्यंत आल्या. हँगरच्या पँट विजेच्या मीटरच्या पेटीला. राहिले ते अर्धे नग. त्यांच्या खिशात कपड्यांचे चिमटे होतेच. ते खाली मुख्य दाराशी आले आणि सूचनाफलकाच्या दोरीला, 'पार्किंगबाबत महत्त्वाचे' या कागदाच्या खाली, सेक्रेटरींच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या त्यांनी ओळीने लावल्या. कडक इस्त्रीच्या. मधोमध धारदार रेघ. प्रत्येकीला सेक्रेटरींच्या घराचा हिरवा दोरा.

मग त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "माल वेळेत पोचता केला आहे. सात पस्तीस."

साडेसात ते आठ ही कॉलनी परतण्याची वेळ. माणसं कचेऱ्यांमधून आली, मुलं खेळून आली, डॉक्टरीणबाई दवाखान्यातून आल्या. पार्किंगची सूचना इतक्या आस्थेने कुणी कधी वाचली नव्हती. एका मुलाने मोठ्याने मोजल्या. शिकवणीवाल्या बाई तोंडाला रुमाल लावून तीन वेळा काहीतरी विसरल्याने खाली आल्या. आठला पाच कमी असताना तिसऱ्या मजल्यावरचं दार धाडकन उघडलं आणि सेक्रेटरी, भांग विस्कटलेला, जिना उतरत आले. गोळा करताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. पैसे मात्र त्यांनी खाली उभ्या बरोब्बररावांच्या हातात कोंबले.

"तीन चड्ड्यांचे दीड नग," बरोब्बरराव म्हणाले, "वरचे पाच रुपये राहिलेत."

दुसऱ्या संध्याकाळपासून सहाच्या ठोक्याला सगळ्या इमारतींची दारं सताड उघडी असायची. बहिऱ्या आजी तर खुर्ची टाकून दारातच बसायला लागल्या.

पण सेक्रेटरी म्हणजे सेक्रेटरी. पुन्हा सभा झाली. विषय, कॉलनीच्या दर्शनी भागाची अप्रतिष्ठा. बरोब्बररावांना बोलू दिलं नाही. ठराव झाला, की यापुढे इस्त्रीचं काम बाहेरच्या एका लाँड्रीकडे द्यावं, जी फोनवरून चालते, जिची गाडी येते, आणि जिच्या पोऱ्यांच्या टोप्या एका रंगाच्या असतात. इस्त्रीवालीने ठराव ऐकला आणि म्हणाली, "बरं." बरोब्बरराव रात्रभर तळमळले. ती घोरत झोपली असणार.

गाडी आली. लोकांनी फोनवर नग भरले. फोनने सूट तीन नग धरला, अभ्रा पूर्ण एक, गणवेशाचा पट्टासुद्धा एक. शर्टाला पंचवीस. आणायचे वेगळे, पोचवायचे वेगळे. 'उद्या' म्हणून सांगितलेले कपडे तीन दिवसांनी आले. डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाऐवजी कुणा स्वयंपाक्याचा कोट आला आणि त्या तो घालून एक दिवस दवाखान्यात गेल्यासुद्धा. आश्चर्य म्हणजे, कुणी चकार शब्द काढला नाही. अर्ध्या नगासाठी घसा बसेपर्यंत भांडणारी ही माणसं फोनवर निमूट बोट दाबून मोकळी होत होती. भांडायला समोर माणूस लागतो. तोही आपल्यापेक्षा खालच्या पायरीवर उभा असलेला. फोन तर त्यांच्याही वरच्या पायरीवर होता.

बरोब्बररावांना हे खिडकीतून रोज दिसत होतं, आणि दिसायला दुसरं काही नव्हतं, कारण आता त्यांच्याकडे दहा-बारा घरंच उरली होती. ज्यांना तो खर्च झेपत नव्हता ती. त्यांचे कपडे ते नेत, आणत. फावल्या वेळात पंपाच्या खोलीत स्टुलावर बसून शर्टांची बटणं लावत. इस्त्रीवाली त्यांना कॉलर आधी, मग खांदा, मग बाह्या, असं शिकवायचा प्रयत्न करायची. त्यांना ते जमलं नाही. काळ्या पँटवर ओलं फडकं न ठेवता त्यांनी इस्त्री फिरवली आणि पँट तव्यासारखी चकाकली. ती पँट इस्त्रीवालीने त्यांच्याच माथी मारली. अजून ते ती घालतात.

हळूहळू घरं परत येऊ लागली. येताना कुणी 'चुकलो' म्हणालं नाही. 'गाडी आज आलीच नाही', 'पोऱ्या उद्धट आहे', अशा निमित्ताने पिशव्या खाली यायच्या. इस्त्रीवालीने दर वाढवला, शर्टाला पंधरा. सभा नाही, काही नाही. पंपाच्या खोलीच्या दारावर खडूने लिहिलं. नग म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर ती म्हणायची, "मी हातात धरते तो." भिंतीला तिने स्वतःच्या पैशाने एक खिडकी पाडून घेतली. कॉलनीने हरकत घेतली. ती म्हणाली, "मग बुजवा," आणि इस्त्री चालू ठेवली. बुजवायला कुणी आलं नाही.

सेक्रेटरी सकाळच्या फिरण्याला आता उलट दिशेने निघतात. मैदान गोल असल्यामुळे फेरीत दोनदा समोरासमोर येतातच. तेव्हा दोघांनाही एकदम झाडं पाहावीशी वाटतात.

एका सकाळी सेक्रेटरींची बायको पिशवी घेऊन खाली आली. तिने आजूबाजूला पाहिलं. बरोब्बरराव स्टुलावर बसून दोरे ओवत होते.

"काका, ह्यांना सांगू नका. गाडीवाले बाह्या जाळतात हो."

बरोब्बररावांनी पिशवी घेतली. पाच शर्ट, दोन पँट. आतलं काही नव्हतं. त्यांनी ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत. हा त्यांचा स्वभाव नव्हता, पण जमलं.

"उद्या सहा ते आठ," ते म्हणाले.

"आणि आठ वाजून गेले तर? तो नियम आहे ना अजून?"

इस्त्रीवालीने इस्त्री उचलून उभी केली आणि बरोब्बररावांकडे पाहत राहिली.

"तो नियम गेला," बरोब्बरराव म्हणाले.

"मग उशीर झाला तर?"

"तर उशीर झाला, वहिनी," ते म्हणाले, आणि हिरवा दोरा शोधायला लागले.